अण्णा काय म्हणाले

हे मी नवऱ्याला, प्रकाशला सांगितलेलं नाही. माझ्या भावाला नाही, बँकेतल्या मैत्रिणींना नाही. देवापुढं बसूनसुद्धा मनातल्या मनात नीट शब्दांत म्हटलेलं नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि तरीही कुणी दार वाजवलं तर हा कागद मी उशीखाली सारेन, इतकी भीती अजून आहे. कशाची? ज्यांची भीती वाटावी ते दोघंही आता माझ्या आयुष्यात नाहीत. मग कशाची?

आधी अण्णांबद्दल सांगते. अण्णा म्हणजे माझे वडील. सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात फिटर होते. बुटके, रुंद, आणि हात असे की पान्हा नसला तरी नट सैल करतील. त्या हातांचं गावात कौतुक होतं. घरात आम्ही त्या हातांच्या हालचालींवर जगायचो. ते जेवायला बसले की मी ताट वाढून दोन पावलं मागं सरकायची. उजवा हात भाकरीवर आहे तोवर ठीक. भाकरी सोडून तो मांडीवर आला, की मी आणखी एक पाऊल मागं.

सातवीत असताना त्यांनी माझ्या डाव्या कानाखाली मारली. कारण एवढंच, की पाहुण्यांसमोर मी पुन्हा एकदा विचारलं, "अण्णा, मला सहलीला पाठवाल?" दोन दिवस कानातून पाणी येत होतं. आई मला तालुक्याच्या डॉक्टरांकडं घेऊन गेली आणि म्हणाली, पोरगी झोपाळ्यावरून पडली. डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्या कानानं मला आजही कमी ऐकू येतं. फोन मी उजव्या कानाला लावते.

हे मी सहानुभूतीसाठी सांगत नाही. खरंच नाही. पण हे वगळलं तर पुढचं तुम्हाला नुसतं वेडेपण वाटेल, आणि ते वेडेपण नव्हतं. मी पूर्ण शुद्धीत होते.

लग्न होऊन मी मद्रासला आले, तेव्हा ते मद्रासच होतं. प्रकाश श्रीपेरुंबुदूरकडच्या गाड्यांच्या कारखान्यात, मी बँकेत, एग्मोरजवळच्या शाखेत. घर तांबरमला, तळमजल्यावर. आम्हाला मूल नाही. आई गेल्यावर दोन हजार सहाच्या जानेवारीत अण्णा महिनाभरासाठी आमच्याकडं आले. आले आणि अकराव्या दिवशी सकाळी न्हाणीत पडले. पक्षाघात. डावी बाजू पूर्ण गेली. भाऊ आला, आठवडाभर राहिला, आणि म्हणाला, "ताई, तिकडं गावात काय सोय आहे? तुमच्याकडं एवढे मोठे डॉक्टर आहेत." बरोबरच होतं त्याचं. मी हो म्हणाले. मी नाही म्हणू शकले असते का? आज वाटतं, म्हणायला हवं होतं. भीत असलेल्या माणसाच्या हाती कुणाचं अंथरूण देऊ नये.

दवाखान्यातून घरी आणताना अण्णांच्या नाकात नळी होती. गिळताना घास श्वासनलिकेत जायचा, म्हणून तोंडानं थेंबही द्यायचा नव्हता. नर्सनं मला दोन दिवस शिकवलं. खाट डोक्याकडून उचलायची. नळीला पिचकारी लावून आधी थोडं वर ओढून बघायचं, नळी पोटातच आहे ना, आधीचं पचलंय ना. मग पिचकारीचा दट्ट्या काढून, नळकांडं उंच धरून, नाचणीची पातळ पेज नाही तर वरणाचं गाळलेलं पाणी हळूहळू आत सोडायचं. ढकलायचं नाही, आपोआप उतरू द्यायचं. शेवटी पाणी घालून नळी धुवायची. नंतर पाऊण तास आडवं करायचं नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची, गुडघ्यांच्या मध्ये उशी, टाचा अधांतरी. माकडहाडावर बोट दाबून लाली जाते का बघायची. तोंड ओल्या कापडानं पुसायचं, कारण न खाणाऱ्याचं तोंडही घाण होतं.

मी हे सगळं केलं. नुसतं केलं नाही, चोख केलं. भिंतीवर वेळांचा तक्ता लावला होता. अण्णांच्या पाठीला सहा महिन्यांत एक फोड आला नाही. शेजारच्या गल्लीतले म्हातारे डॉक्टर घरी यायचे, ते दर वेळी पाठ बघून म्हणायचे, हॉस्पिटलात पण इतकं होत नाही. मला ते ऐकून आनंद व्हायचा, आणि लगेच एक घाणेरडा विचार यायचा — बघा अण्णा, मी कशी आहे आणि तुम्ही कसे होतात. सेवा करत होते की सूड उगवत होते? ते मला तेव्हाही वेगळं करता येत नव्हतं. कूस बदलताना त्यांच्या खांद्याला धरलं की माझी बोटं गरजेपेक्षा थोडी जास्त रुतायची. थोडीच. कुणाला दिसणार नाही इतकी.

आणि भीती — ती गेलीच नव्हती. डावी बाजू लुळी होती, पण उजवा हात शाबूत होता. तोच हात. पेज घालायला मी मुद्दाम डाव्या बाजूनं जायची. प्रकाश एकदा हसला, "अगं, त्या बाजूला जागा नाही, इकडून ये की." मी म्हणाले, इकडून उजेड चांगला येतो.

दिवसा मी बँकेत असताना मुरुगेसन असायचे. घरी रुग्ण सांभाळणारी माणसं पाठवणारी एक संस्था होती, तिथून आलेले. पन्नाशीचे, काटकुळे, कपाळावर विभूतीचे पट्टे. सकाळी सातला यायचे, मी परतले की जायचे. शनिवारी बँक अर्धा दिवस, म्हणून ते दोनला सुटायचे. मी वडिलांना अण्णा म्हणते याची त्यांना फार गंमत वाटायची, कारण तमिळमध्ये अण्णा म्हणजे थोरला भाऊ. ते स्वतः त्यांना आदरानं अय्या म्हणायचे. त्यांना मराठी येत नव्हतं, अण्णांना तमिळ येत नव्हतं, इंग्रजीचा तर प्रश्नच नाही. तरी दोघांचं जमलं होतं. मुरुगेसन चार मराठी शब्द शिकले होते. पाणी, कूस, दुखतंय, बास. ते अण्णांच्या लुळ्या हाताला तेल लावताना एकेक बोट उलगडायचे आणि तमिळमध्ये आकडे मोजायचे. एकदा मी दारातून ऐकलं, अण्णा त्यांच्यामागून जड जिभेनं म्हणत होते, "ओन्नु... रेंडु..." माझ्यासोबत ते कधी असं काही बोलले नव्हते. मला आनंद व्हायला हवा होता. मला राग आला.

आता त्या शनिवाराकडं येते. बराच वेळ टाळलं.

अण्णांना ती नळी सहन व्हायची नाही. बोटाला लागली की ओढायचे. त्या आठवड्यात दोनदा काढली होती. प्रत्येक वेळी नर्सला बोलवायचं, नवी नळी घालताना ते ओकायचे, नाकातून रक्त यायचं. डॉक्टरांनी मला नीट समजावलं होतं. उजव्या हातात कापूस भरलेला कापडी मोजा घाला, म्हणजे चिमटीत नळी येणार नाही. बांधायची वेळ येऊच देऊ नका. आलीच तर फक्त पेज देण्यापुरतं, मऊ कापडानं, दोन बोटं आत जातील इतकं सैल, खाटेच्या चौकटीला, कठड्याला नाही. तुम्ही समोर बसलेल्या असायला हव्यात. पेज संपली की सोडा. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

मी अडीचच्या सुमारास घरी आले. मुरुगेसन माझी वाट बघत थांबले होते, मी आल्यावर ते निघाले. प्रकाश दुसऱ्या पाळीला गेलेला. अण्णांच्या हातातला मोजा ओला झाला होता, म्हणून तो मी काढला आणि दुसरा आणायला वळले. वळून बघते तर नळी त्यांच्या मुठीत. अर्धी बाहेर. मी धावले, उजव्या बाजूनं धावले, घाईत विसरले. वाकून मूठ सोडवायला गेले आणि त्यांनी नळी सोडली आणि मला मारली.

जोर फार नव्हता. आजारी माणसाचा हात. पण ती डाव्या कानावर बसली.

मी बेचाळीस वर्षांची होते, एका शाखेची उपव्यवस्थापक. आणि मी त्या खोलीत खाली बसले, दोन्ही हात डोक्यावर घेऊन, भिंतीला चिकटून. किती वेळ, माहीत नाही. वरून त्यांचा आवाज आला, जड पण स्पष्ट, "उठ, कारटे." तोच शब्द. तीच पट्टी.

मी उठले. नळी पूर्ण काढली, म्हणजे पेज द्यायचा प्रश्नच उरला नव्हता. हे लक्षात घ्या. बांधायचं काही कारण उरलं नव्हतं. मी माझी जुनी सुती ओढणी आणली. त्यांचा उजवा हात धरला, दोन्ही हातांनी, आणि खाटेच्या लोखंडी कठड्यावरून बाहेर ओढला, आणि मनगट खालच्या दांडीला बांधलं. दोन गाठी मारल्या. दोन बोटं काय, एक नख आत गेलं नसतं. दंड कठड्यावर दाबला जातोय हे मला दिसत होतं. डोक्याकडची बाजू उचललेली होती, त्यामुळं ते जसजसे खाली घसरले तसतसा दंडावरचा भार वाढला. तेही मला कळत होतं. सहा महिने रोज मी याच गोष्टी तर बघत होते, कुठं काय दाबलं जातंय.

मग मी बाहेरच्या खोलीत गेले, दार लावलं, आणि झोपले.

नाही. झोपले नाही. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले, की दमले होते, डोळा लागला. आत्ताही हात तसंच लिहून गेला. मी झोपले नव्हते. मी सोफ्यावर बसून होते आणि ऐकत होते. आधी त्यांनी शिव्या दिल्या. मग "मंदे" म्हणाले. मग "मंदा". मग बऱ्याच वेळानं "मंदाताई", जसं आई म्हणायची. मग नुसतं "दुखतंय". मी उजवा कान उशीवर ठेवून कलंडले, म्हणजे डावा वर राहील, कमी ऐकू येणारा. मग ते गप्प झाले, आणि तेव्हा मी फार घाबरले. तरी उठले नाही. आता दार उघडलं तर आत काय दिसेल? या विचारानं मी आणखी एक तास बसून राहिले. माणूस भीतीनं पळतो म्हणतात. मी भीतीनं बसले.

साडेसहाला मी ओढणी सोडली. ते जिवंत होते, डोळे उघडे होते. मनगटाभोवती लाल कडं, दंडावर कठड्याची खाच. मी हात चोळला, तेल लावलं. ते माझ्याकडं बघत नव्हते. कूस बदलली, तोंड पुसलं. नर्सला फोन केला, ती येऊन नळी घालून गेली. मनगटावर मी तोवर टॉवेल टाकला होता. प्रकाश आला तेव्हा सगळं तक्त्याप्रमाणं चाललं होतं.

रविवारी दुपारी लक्षात आलं. अण्णांनी हात उचलला आणि पंजा खाली लोंबकळला. पाण्यानं जड झालेल्या केळीच्या पानासारखा. त्यांनी तो वर करायचा प्रयत्न केला. हात कोपरात वाकत होता, सरळ होत होता, पण मनगट उठेना, बोटं उघडेनात. त्यांच्या अंगातला तो एकच अवयव चालत होता. त्यानं ते पांघरूण ओढायचे, डोळे पुसायचे, माशी हाकलायचे. मी तो लोंबणारा पंजा बघितला आणि पहिला विचार काय आला, सांगू? आता हा मारू शकणार नाही. दुसरा विचार मग आला. आता कळणार.

सोमवारी मी रजा टाकली. मुरुगेसन सातला आले. त्यांनी पांघरूण काढलं, हात उचलला, मनगटावरचं कडं बघितलं, दंड बघितला. "अम्मा, इदु एन्न?" हे काय, म्हणून विचारलं. मी म्हणाले, माहीत नाही, डॉक्टरांना बोलावलंय. तेवढ्यात अण्णांनी मान माझ्याकडं वळवली आणि म्हणाले, "हिनं." मुरुगेसननी त्यांच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांना तो शब्द येत होता का? चार शब्दांत तो नव्हता. पण नजरेला कुठं भाषा लागते? त्यांनी अण्णांचा हात उशीवर ठेवला आणि ते गरम पाणी आणायला गेले. त्या अर्ध्या मिनिटात मी ठरवलं. ठरवलं म्हणजे असं शब्दांत नाही. पण हा माणूस या घरात राहता कामा नये, एवढं मला स्वच्छ समजलं.

डॉक्टर अकराला आले. त्यांनाही आधी दुसऱ्या झटक्याची शंका आली. चेहरा बघितला, उजवा पाय हलवायला लावला, सगळं होतं तसं होतं. मग त्यांनी अण्णांचं कोपर सरळ करून बघितलं, मनगटाला आधार देऊन बोटं दाबायला सांगितली, अंगठ्याच्या मागच्या बाजूला कापूस फिरवला. अण्णांनी मान हलवली, लागत नाही. डॉक्टरांनी दंडावरची ती खाच शोधली आणि तिथंच बोट ठेवून थांबले.

"हा झटका नाही," ते मला इंग्रजीत म्हणाले. "दंडाच्या हाडाला गुंडाळून एक नस जाते. तीच मनगट उचलते. ती इथं दाबली गेलीय, खूप तास. हात कशावर तरी अडकून होता. कुणी बांधला होता?"

खोलीत आम्ही चौघं होतो. मुरुगेसन अण्णांचा हात दोन्ही तळव्यांवर धरून उभे होते, डॉक्टरांना नीट बघता यावा म्हणून. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. अण्णांना इंग्रजीही येत नव्हतं आणि तमिळही नाही. डॉक्टरांना मराठी येत नव्हतं. त्या खोलीत तिन्ही भाषा फक्त मला येत होत्या.

डॉक्टर अण्णांकडं वाकले आणि हातानं बांधल्याची खूण करून त्यांनाच विचारलं. कोण? कुणी?

अण्णांना कळलं. त्यांनी घसा साफ केला. जीभ जड होती, पण त्यांनी प्रत्येक शब्द जागेवर ठेवला. "माझ्या पोरीनं बांधला. शनिवारी. मी मारलं तिला, म्हणून."

"एन्न सोल्रार?" डॉक्टरांनी मला विचारलं. काय म्हणतायत?

आणि मी इंग्रजीत म्हणाले, "ते म्हणतात, या माणसानं बांधला. शनिवारी सकाळी. मी बँकेत होते."

माझा आवाज थरथरला. डॉक्टरांना वाटलं, मुलगी आहे, वाईट वाटतंय. मुरुगेसन तसेच उभे होते, हात तळव्यांवर घेऊन. माझ्याकडं बघून त्यांनी भुवया उंचावल्या, काय म्हणतायत डॉक्टर, अशा अर्थानं. मी नजर काढून घेतली.

डॉक्टर तमिळमध्ये त्यांच्यावर ओरडले. मी त्या म्हाताऱ्या माणसाला कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. आळशीपणा, जनावर, पोलीस, एवढे शब्द मला आठवतात. मुरुगेसननी अण्णांचा हात आधी हळूच उशीवर ठेवला. मग म्हणाले, "नान कट्टले, अय्या." मी नाही बांधला. एकदा डॉक्टरांना म्हणाले आणि एकदा माझ्याकडं वळून, "नान कट्टले, अम्मा." त्यात आरोप नव्हता. मला ठाऊक असणार, मी सांगेन, असा तो आवाज होता.

ओरडणं ऐकून अण्णांना काय झालं ते उमगलं असावं. त्यांनी तो लोंबता हात उचलला आणि मोठ्यानं म्हणाले, "त्यो न्हाई! त्यो न्हाई!" पुन्हा पुन्हा. ज्या माणसाला आम्ही आयुष्यात कधी कुणाची बाजू घेताना बघितलं नाही, तो ओरडत होता, त्यो न्हाई.

डॉक्टरांनी पुन्हा माझ्याकडं बघितलं.

मी म्हणाले, "ते म्हणतात, तो नको. त्याला घालवा."

आता ते पानावर आलं. मला वाटलं होतं आल्यावर हलकं वाटेल. वाटत नाही.

मी संस्थेला फोन केला. मुरुगेसननी आपला डबा आणि टॉवेल पिशवीत भरला. जाताना ते अण्णांच्या पायांशी क्षणभर उभे राहिले, मराठीत म्हणाले, "पाणी... कूस," आणि बोटानं भिंतीवरचं घड्याळ दाखवलं. कूस बदलायची वेळ झाली होती. मला आठवण करून देत होते. संस्थेनं त्यांचं नाव काढून टाकलं, असं नंतर आलेल्या बाईकडून कळलं. चारेक महिन्यांनी ते मला तांबरम स्टेशनच्या पुलावर दिसले, कुठल्याशा इमारतीच्या पहारेकऱ्याचा निळा शर्ट घातलेला. त्यांनी विचारलं, "अय्या कसे आहेत?" मी म्हणाले, बरे आहेत. माझी लोकल आलीय असं सांगून पुढं गेले. लोकल आली नव्हती. मी फलाटाच्या टोकाला जाऊन उभी राहिले, ते दिसेनासे होईपर्यंत.

अण्णांच्या मनगटाला पट्टा लावला, पंजा वर धरून ठेवणारा. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिन्यांत येईल. थोडं आलं. दीड महिन्यानं मनगट बोटभर उचलायला लागलं. नवी बाई दिवसाची कामं करायची, पण सकाळ-संध्याकाळची पेज मी द्यायची. आणि मी पेजेचं भांडं घेऊन खोलीत आले, की अण्णा उजवा हात उचलायचे आणि आपण होऊन कठड्यावर ठेवायचे. बाहेरच्या बाजूला. मनगट वर करून. आणि वाट बघायचे.

पहिल्यांदा मी म्हणाले, "नको अण्णा, बांधत नाही." त्यांनी हात काढला नाही. मी तो उचलून उशीवर ठेवला. त्यांनी पुन्हा कठड्यावर ठेवला. त्यांच्या डोळ्यांत राग असता तर मला कळलं असतं, रागाची मला सवय होती. ते माझ्या हातांकडं बघत होते. माझे हात कुठं आहेत, पुढं कुठं जातील. तसं बघणं मी चांगलं ओळखते.

तेव्हा मी काय करायला हवं होतं? पाय धरायचे, डॉक्टरांना फोन करायचा, मुरुगेसनचा पत्ता शोधायचा. मी नळकांडं उंच धरलं आणि पेज सोडली. आपोआप उतरू दिली, ढकलली नाही. आणि खरं सांगायचं तर त्यानंतर अण्णांनी नळीला कधी हात लावला नाही. माझं काम सोपं झालं. मी त्याचा उपयोग करून घेतला. रोज, दोन्ही वेळा, मार्चपर्यंत.

मार्चमध्ये छातीत कफ भरून ते गेले. शेवटचे दोन दिवस मी त्यांच्याशी खूप बोलले, गावाबद्दल, आईबद्दल. त्या शनिवाराबद्दल नाही. त्यांना ऐकू येत होतं. म्हणूनच बोलले नाही.

अस्थी घेऊन आम्ही गावी गेलो. तेराव्याला अख्खी भावकी जमली होती. भावानं सगळ्यांसमोर माझे हात हातात घेतले आणि म्हणाला, "ह्या हातांनी केलं म्हणून अण्णा वर्षभर जगले. पाठीला साधा फोड नाही, डॉक्टर सांगत होते." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. एक म्हातारी आत्या म्हणाली, "त्यानं तुला एवढं मारलं गं लहानपणी, आन् तू सगळं पोटात घातलंस." मी मान खाली घातली. त्यांना तो नम्रपणा वाटला.

मग मला मधल्या पाटावर बसवलं आणि पहिलं पान वाढलं. मी जेवले.